विश्लेषण : पास होण्यासाठी किती गुण हवेत, हे नेमकं कसं ठरतं? ‘काठावरच्या विद्यार्थ्या’चा हिशेब समजून घ्या

दहावीला ३५. परदेशातून एमबीबीएस करून आलेल्यांना भारतात द्याव्या लागणाऱ्या एफएमजीई परीक्षेत ३०० पैकी १५०. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट-पीजीमध्ये तर २०२३ साली रिकाम्या जागा भरण्यासाठी पात्रतेचा पर्सेंटाइल थेट शून्यावर आणला गेला. तेव्हा सोशल मीडियावर एकच प्रश्न विचारला जात होता : हे आकडे ठरवतं कोण आणि कशाच्या आधारावर?

यातले दोन प्रकार आपल्या ओळखीचे आहेत. एक म्हणजे ठरलेला आकडा. पेपर सोपा असो वा अवघड, रेषा तीच राहते. दुसरा पर्सेंटाइल. त्यात तुम्हाला किती येतं यापेक्षा बाकीचे तुमच्या मागे किती आहेत, हे मोजलं जातं. प्रवेशाच्या मर्यादित जागा वाटायला हे ठीक आहे. पण ‘हा डॉक्टर रुग्ण तपासण्याइतका तयार आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर यातून मिळत नाही.

मग तिसरा मार्ग कोणता?

त्याचं नाव अँगॉफ पद्धत. अमेरिकी परीक्षातज्ज्ञ विल्यम अँगॉफ यांनी १९७१ मध्ये ती मांडली. ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करू पाहणारे अनेक भारतीय देतात त्या ‘प्लॅब’ परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात हीच पद्धत वापरतात. त्यात १८० प्रश्न असतात, प्रत्येकाला पाच पर्याय. पास होण्याचे गुण प्रत्येक पेपरला वेगळे असू शकतात.

हे ठरतं कसं?

विषयाचे जाणकार एकत्र बसतात. आधी ते ‘काठावरचा विद्यार्थी’ कसा असतो, यावर एकमत करतात. हा हुशार नाही, सरासरीही नाही. हा जेमतेम पास व्हायला हवा असा. त्याला काय यायलाच हवं आणि तो कुठे अडखळेल, हे लिहून काढतात.

मग एकेक प्रश्न घेतला जातो : असे १०० काठावरचे विद्यार्थी असतील, तर किती जण बरोबर उत्तर देतील? तीव्र ॲलर्जीने रुग्णाचा रक्तदाब कोसळला, तर पहिलं औषध कोणतं? परीक्षक म्हणतील ८० ते ९०. एखाद्या दुर्मीळ आजाराच्या प्रश्नाला ४० म्हणतील.

समजा, पाच प्रश्नांच्या छोट्या पेपरात परीक्षकांची सरासरी ८५, ७०, ६०, ५५ आणि ४० टक्के आली. बेरीज ३१० म्हणजे पाचपैकी ३.१ गुण, अर्थात ६२ टक्के. १८० प्रश्नांचा पेपर असाच असेल, तर रेषा ११२ च्या आसपास. पुढचा पेपर अवघड निघाला आणि सरासरी ५४ टक्क्यांवर आली, तर रेषा ९७ च्या आसपास. म्हणजे १०५ गुण मिळवणारा पहिल्या पेपरात नापास, दुसऱ्यात पास. वरवर हा अन्याय वाटतो. पण दोन्हीकडे अपेक्षित तयारी तेवढीच आहे, बदलला आहे तो पेपर. उलट ५० टक्क्यांची ठरलेली रेषा असती, तर सोप्या पेपराला बसलेल्यांचं नशीब फळफळलं असतं.

यात गडबड कुठे होते?

सगळा डोलारा अंदाजावर उभा आहे. ज्याला उत्तर माहीत आहे, त्याला प्रश्न सोपाच वाटतो. म्हणून परीक्षकांनी उत्तरपत्रिका न बघता आधी स्वतः पेपर सोडवावा, असा सल्ला दिला जातो. अनेकदा काठावरच्या विद्यार्थ्याऐवजी आपला वर्गातला चांगला विद्यार्थी डोळ्यांसमोर येतो आणि रेषा नकळत वर जाते. याच्या उलट चूकही होते. पाच पर्याय असताना नुसता ठोकताळा मारूनही पाचपैकी एकाचं उत्तर बरोबर येतं. त्यामुळे २० च्या खालचा अंदाज सहसा पटण्यासारखा नसतो.

चूक ओळखायची कशी? एकाच प्रश्नाला एक परीक्षक ३० म्हणतो आणि दुसरा ८०, तर दोघांच्या मनातला विद्यार्थी वेगळा आहे किंवा प्रश्नच संदिग्ध आहे. तिथे चर्चा होते आणि दुसऱ्या फेरीत आकडे बदलण्याची मुभा असते. त्या वेळी प्रत्यक्ष किती जणांनी उत्तर बरोबर दिलं, हेही दाखवता येतं. मात्र परीक्षक त्या आकड्याच्याच मागे गेले, तर आपण पुन्हा पर्सेंटाइलकडे वळलो असं समजा.

मग ही पद्धत निर्दोष आहे का?

नाही. परीक्षकांचं मंडळ बदललं की रेषा थोडी सरकू शकते. शिवाय जाणकारांचा वेळ आणि खर्च लागतो. पण ‘१५० च का?’ याला ‘नियमात आहे म्हणून’ एवढंच उत्तर असतं. ‘११२ च का?’ असं विचारलं, तर प्रत्येक प्रश्नामागचा अंदाज काढून दाखवता येतो आणि त्यावर वादही घालता येतो.