गिऱ्हाईकाचे वय पाहावे की गिऱ्हाईकाची गरज?

मोठ्या कंपन्यांचे विक्रेते हल्ली आपल्या दुकानदार बांधवांना एक नवा धडा देऊ लागले आहेत. अमुक वर्षांत जन्मलेले ते 'मिलेनियल', त्यानंतरचे ते 'जेन झी', आणि त्यांच्या आधीचे सगळे म्हातारे. पहिल्या दोघांना चटपटीत, स्वस्त व फॅशनचा माल दाखवावा, म्हाताऱ्यांना साधा, टिकाऊ आणि फिक्या रंगाचा. गिऱ्हाईक दारात उभे राहिले की त्याच्या दाढीचा रंग पाहावा आणि माल काढावा, इतका हा धडा सोपा आहे. तो सोपा आहे म्हणूनच तपासून घेतला पाहिजे, असे आमचे मत आहे. कारण या धड्यावर विसंबून माल भरणाऱ्याचे भांडवल अडकते, आणि कारागीर असेल तर त्याचा हुन्नरच पणाला लागतो.

या कल्पनेत तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ साली पिढ्यांच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. माणूस तरुणपणी ज्या घटनांतून जातो त्यांचा ठसा त्याच्यावर आयुष्यभर राहतो, हा त्याचा गाभा. पण मानहाइम यांनी सोबत एक अटही घातली होती. एकाच वर्षी जन्म झाला म्हणून कोणी एका पिढीचा होत नाही. त्या घटनांचा अनुभवही सामाईक असावा लागतो. १८०० सालच्या प्रशियातील तरुण आणि त्याच काळातील चीनमधील तरुण एका पिढीचे नव्हेत, असे उदाहरण त्यांनी दिले. व्यापाराने त्यांची कल्पना उचलली आणि अट मात्र सोडून दिली.

आज वापरात असलेली नावे अमेरिकेच्या मोजमापाची आहेत. तिकडे दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ ते १९६४ या काळात, जन्मांची संख्या एकदम फुगली, म्हणून त्या लोकांना वेगळे नाव मिळाले. १९८१ ते १९९६ ही मिलेनियलची मर्यादा अमेरिकेतील प्यू या संशोधन संस्थेने लोकप्रिय केली. २०२१ साली अनेक समाजशास्त्रज्ञांनी व लोकसंख्याशास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून या नावांचा वापर थांबवण्याची विनंती त्या संस्थेला केली. २०२३ साली संस्थेनेही जाहीर केले की, दोन पिढ्यांची समान वयातील तुलना करता येईल इतकी जुनी आकडेवारी हाती असेल तरच आपण पिढ्यांची भाषा बोलू. ज्यांनी ही पट्टी बाजारात आणली त्यांनीच हात आखडता घेतला असताना आपण ती डोळे मिटून का वापरावी? मालेगावात यंत्रमागावर काम करून घर चालवणारा बावीस वर्षांचा तरुण आणि पुण्यात वडिलांच्या पैशावर शिकणारा बावीस वर्षांचा तरुण यांचे जन्मसाल एक असेल, पण त्यांचा खिसा, त्यांचा दिवस आणि त्यांची खरेदी एक नाही.

खरी गफलत मात्र याहून खोल आहे. दोन वयांच्या गिऱ्हाइकांत फरक दिसला तर त्याची तीन कारणे असू शकतात. पहिले वय: माणूस चाळिशीत गेला, पोट सुटले, संसार वाढला म्हणून तो वेगळे मागतो. दुसरे काळ: जमानाच बदलला म्हणून सगळ्या वयांचे लोक बदलले, २०१६ नंतर मोबाईलवरून पैसे देण्याची रीत आली आणि ती काही फक्त पोरांपुरती राहिली नाही. तिसरे पिढी: तरुणपणी लागलेली सवय माणूस पुढे घेऊन जातो. एका दिवसाच्या गल्ल्याकडे पाहून यातले कोणते कारण खरे, हे सांगता येत नाही. चालू सालातून जन्मसाल वजा केले की वय निघते, म्हणून ही तिन्ही एकमेकांत गुंतलेली असतात. ती थोडीफार तरी सोडवायची तर जुनी वही काढावी लागते.

एक उदाहरण मांडून पाहू. कापड, शिलाई आणि तयार पँट असे तिन्ही ठेवणारे एक दुकान आहे असे समजा. २०१५ च्या वहीत चाळिशीच्या दर पन्नास पुरुषांपैकी तीस जण पँट शिवून घेत आणि पंचविशीच्या पन्नासांपैकी दहाच. विक्रेता म्हणेल, नवी पिढी शिवून घेत नाही, शिलाई आटोपती घ्या. आता २०२५ ची वही उघडा. २०१५ साली जे पंचविशीत होते ते आज पस्तिशीत आहेत. त्यांच्या पन्नासांतले पंचवीस जण जर आता शिवून घेऊ लागले असतील, तर तो फरक वयाचा होता. तयार पँट कमरेला बसली तर मांडीला बसत नाही, हे शरीर बदलल्यावर कळते. असे असेल तर शिलाईचे काम आटणार नाही, आजचे पंचविशीतले उद्या येतील. उलट ते पस्तिशीतही दहाच राहिले, आणि जुने चाळिशीवाले पन्नाशीतही तीसच राहिले, तर ती पिढीची सवय आहे. मग हे जुने गिऱ्हाईक जसजसे कमी होईल तसतसे कामही कमी होईल. आणि सगळ्याच वयांत आकडा सारखाच घसरला असेल, तर ते काळाचे काम आहे. तयार कपडा स्वस्त झाला असेल किंवा शिलाई महाग.

तिन्ही प्रसंगी शिंपी बांधवाने करायची गोष्ट निराळी आहे. पहिल्या प्रसंगी त्याने मुलाला बेशक हुन्नर शिकवावा. दुसऱ्या प्रसंगी पँटची शिलाई उतरणीला आहे असे धरून शेरवानी, ब्लाऊज किंवा दुरुस्तीकडे वळावे. तिसऱ्या प्रसंगी दर आणि वेळ यांचा विचार करावा. उधारीवर तयार माल भरण्याआधी हा निर्णय व्हायला हवा. यात एक धोका आहे. वहीत फक्त येणारे गिऱ्हाईक असते, येणे बंद झालेले नसते. नुसती शिलाई करणाऱ्याच्या वहीत तर शिवून घेणारेच दिसतील. म्हणून येईनासे झालेल्या ओळखीच्या दहा-पंधरा जणांना, मोहल्ल्यात भेटतील तेव्हा, पँट कोठून घेता व का, हे विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

आता म्हाताऱ्यांकडे वळू. अमेरिकेतील हाइन्झ कंपनीने १९५५ साली वृद्धांसाठी खास मऊ शिजवलेले डबाबंद अन्न काढले. वयस्क लोक लहान मुलांचे अन्न स्वतःसाठी विकत नेतात, असे तिच्या नजरेला आले होते. गरज खरी होती, कारण चावायला त्रास होत होता. पण डब्यावर वृद्धांचे नाव आले आणि माल पडून राहिला. मुलांच्या अन्नाचा डबा नातवासाठी नेतो असे म्हणता येते. म्हाताऱ्याचा डबा चार लोकांत उचलणे म्हणजे आपले दात गेले असे जाहीर करणे होय.

याच्या उलट गोष्ट १९९० सालची. सॅम फार्बर या अमेरिकी व्यावसायिकाच्या पत्नीला संधिवात होता, भाज्या सोलण्याचे पातळ धातूचे सोलाणे तिच्या हातात टोचत असे. फार्बर यांनी जाड, मऊ रबरी मुठीचे सोलाणे करवून घेतले आणि ऑक्सो या नावाने बाजारात आणले. त्यावर वृद्धांचे किंवा आजाऱ्यांचे नाव घातले नाही. ओल्या हातात न निसटणारी मूठ सगळ्यांनाच हवी होती, आणि ते सगळ्या वयांच्या लोकांनी घेतले. दुखणाऱ्या हाताची अडचण पाहून वस्तू घडवली, पण विकली मात्र मुठीच्या गुणावर.

तरुणांच्या बाबतीतही हेच घडते. होंडा कंपनीने २००२ च्या अखेरीस एलिमेंट नावाची चौकोनी गाडी अमेरिकेत कॉलेजच्या पोरांसाठी म्हणून आणली. सामान भरायला मोकळी जागा, पुसून साफ करता येण्यासारखा तळ. हे गुण प्रौढांनाही हवे होते, आणि घेणाऱ्यांत त्यांचाच भरणा मोठा झाला.

आपल्या चप्पल कारागिरांसाठी याचा हिशेब सोपा करून सांगतो. समजा महिन्यात शंभर गिऱ्हाइके आली. तीस जण साठीच्या पुढचे, सत्तर अलीकडचे. मऊ तळ आणि रुंद पंजा मागणारे वयस्कांत बारा निघाले, बाकीच्यांत चौदा. शेकड्याने पाहिले तर वयस्कांत ही मागणी चाळीस टक्के आणि इतरांत वीस टक्के, म्हणजे दुप्पट. विक्रेत्याचा धडा येथवर खरा. पण त्यावरून 'वृद्धांसाठी' अशी पाटी लावली तर तीसपैकी अठरा वयस्कांना नको असलेला माल त्यांच्यापुढे जाईल, आणि दिवसभर उभे राहून काम करणारे, मधुमेहाचे, सुजल्या पायांच्या गरोदर बहिणीचे, असे चौदा जण त्या पाटीकडे फिरकणारही नाहीत. सव्वीस गिऱ्हाइकांपैकी निम्म्याहून अधिक गमावले. त्याऐवजी 'मऊ तळ, रुंद पंजा' असे लिहिले तर सव्वीसही जण ओळखतील की हे आपल्यासाठी आहे.

तेव्हा जन्मसाल टाकून द्या असे आमचे म्हणणे नाही. पत्रिकेची लिपी, ओळखीची शिवण, तरुणपणी आवडलेला अत्तराचा वास अशा सवयी पिढीने ठरतात, आणि तेथे जन्मसालाचा उपयोग होतो. पण ते शेवटी पाहावे, आधी नव्हे. आमची सूचना इतकीच की, येत्या महिनाभर वहीत किमतीपुढे दोन शब्द जास्त लिहावेत: कशासाठी घेतले, आणि न घेता गेला तर का. वय शेजारी अंदाजाने टिपावे. महिन्याअखेर आधी कारणांप्रमाणे मोजणी करावी, मग वयाप्रमाणे. आमच्या मते पुढचा माल पहिल्या मोजणीवर भरावा. दुसरी मोजणी जुन्या वहीशी ताडून पाहण्यासाठी जपून ठेवावी.