अण्णांच्या कॉफीचा चोथा

माझे सासरे, अण्णा, नोकरीच्या निमित्ताने वीस वर्षे बंगळूरला होते. तिथून परतताना त्यांनी आणलेले पितळी फिल्टर आजही आमच्या ओट्यावर आहे. वयाच्या ८१ व्या वर्षीही सकाळचा डिकॉक्शन ते स्वतःच काढतात. त्यात आम्ही कोणी ढवळाढवळ करीत नाही. कारण दिवसाचे हे एक काम सर्वस्वी त्यांच्या हातचे आहे. मात्र फिल्टरमधील चोथा ते सिंकमध्ये नळाखाली धरून धुऊन टाकीत, आणि त्याकडे आमच्यापैकी कोणाचेच लक्ष नव्हते.

गेल्या पावसाळ्यात सिंकमधील पाणी रेंगाळू लागले. आधी ते गोल फिरत सावकाश उतरे, मग उतरताना गुडगुड आवाज येऊ लागला, आणि पुढे ओट्याजवळ आंबूस दर्प जाणवू लागला. नळी तुंबत असल्याच्या या तीन खुणा याच क्रमाने आल्या आणि तिन्ही आम्ही दुर्लक्षिल्या. एके दिवशी पाणी उतरेचना. अण्णांची देखभाल करणाऱ्या मावशींनी चांगल्या हेतूने नळी मोकळी करण्याची पूड सिंकमध्ये ओतली आणि वरून कढत पाणी घातले. पाणी फसफसून उसळले, आणि त्यांच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा लाल चट्टा उमटला.

ही पूड बहुधा कॉस्टिक सोड्याची असते. पाण्याशी संयोग होताच ती स्वतःच उष्णता निर्माण करते. त्यात कढत पाणी पडले की मिश्रण उसळते. शिवाय कॉफीच्या चोथ्यावर तिचा उपयोग फारसा होत नाही. तेला-तुपाचा थर ती सैल करते, पण चोथा हा मुख्यतः काष्ठमय पदार्थ असल्याने तो विरघळत नाही. नळी पूर्ण बंद असेल, तर पूड तिथेच साचून दगडासारखी घट्ट बसू शकते.

मावशींचा हात आम्ही वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरला आणि मग डॉक्टरांकडे नेले. वाचकांनीही हे ध्यानी ठेवावे. कोरडी पूड अंगावर सांडली असेल तर ती आधी कोरड्या कापडाने झटकावी, मग भरपूर पाण्याने धुवावे. लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये. डोळ्यात शिंतोडा गेल्यास पापण्या उघड्या ठेवून पाण्याची धार सोडावी आणि डोळे धूत धूतच रुग्णालय गाठण्याची तयारी करावी. या पुडीवर ॲसिड किंवा फरशी पुसण्याचे ब्लीच ओतणे तर कधीच नको. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो, आणि दम्याच्या वृद्ध रुग्णाला तो थोडादेखील सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. नळीत कॉस्टिकची पूड आहे हे आम्ही त्याला आधीच सांगितले. असे सांगणे आवश्यक असते, कारण नळी उघडताना तेच पाणी त्याच्या हातावर येते. हातमोजे घालून, खाली बादली ठेवून त्याने सिंकखालचा बॉटल ट्रॅप काढला. बाटलीसारख्या आकाराच्या या भागात नेहमी थोडे पाणी साठून राहते, आणि त्या पाण्यामुळेच गटाराची दुर्गंधी घरात शिरत नाही. पण पाणी जिथे थांबते तिथे जड कणही बसतात. ट्रॅपच्या तळाशी काळा, चिकट, ओल्या मातीसारखा गोळा निघाला. तो अण्णांच्या कॉफीचा चोथा होता, तुपाने आणि दुधाच्या सायीने बांधलेला.

चहाच्या चोथ्याने असे सहसा होत नाही, कारण पत्ती मोठी असते आणि गाळणीतच अडकते. कॉफीची पूड रव्याइतकी बारीक असल्याने सिंकच्या जाळीतून सहज निसटते आणि संथ पाण्यात तळाशी बसते. अण्णा रोज सुमारे २० ग्रॅम पूड घेतात. तिचा जेमतेम पाचवा हिस्सा, चिकोरी मिसळलेली असल्यास काही अधिक, पेल्यात उतरतो. उरलेला सारा चोथाच. वर्षाचा हिशेब केला तर साधारण पाच ते सहा किलो कोरडा चोथा त्या एका वळणातून जात होता.

अण्णांना 'सिंकमध्ये टाकू नका' एवढेच सांगून भागणार नव्हते. ते नळाखाली फिल्टर का धरीत, हे मी विचारले. ते म्हणाले, "हात थरथरतात गं. कागदावर उलटे करायला गेलो की निम्मा चोथा ओट्यावर सांडतो. नळाखाली निदान सांडलेले दिसत नाही." तेव्हा उपाय त्यांच्या हातांना जमेल असा शोधावा लागला.

आता डिकॉक्शन उतरल्यावर फिल्टरचे वरचे भांडे तसेच दुपारपर्यंत ठेवले जाते. तोवर पाणी निथळते, चोथा थंड होतो आणि त्याची वडी बनते. ओला चोथा चिकटतो, निथळलेला सुटतो. मग एका खोल, उभ्या काठाच्या ताटात वर्तमानपत्र अंथरून त्यात भांडे उलटे ठेवायचे आणि तळावर चमच्याने दोन-तीनदा ठोकायचे. ताट टेबलावर असल्याने अण्णा बसून हे करतात, आणि सांडले तरी ताटातच सांडते. भांड्याला चिकटलेले कण कागदाच्या तुकड्याने पुसून घ्यायचे. पहिले धुणे वाटीभर पाण्यात करून ते पाणी जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळायचे. यानंतरच भांडे सिंकमध्ये जाते. तुपाची, सायीची भांडीही आधी कागदाने पुसली जातात, कारण कणांना बांधून ठेवणारा गोंद तोच.

चोथा कागदासकट त्याच दिवशी ओल्या कचऱ्यात जातो. दमट चोथा झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस ठेवला तर त्यावर बुरशी धरते, आणि दमा किंवा दुबळी प्रतिकारशक्ती असलेल्यांनी तिच्याजवळ जाऊ नये. कुंडीत घालायचा असल्यास चिमूटभर, मातीत मिसळूनच घालावा. वर जाड थर दिला तर तो वाळून पापुद्रा बनतो आणि पाणी खाली जिरू देत नाही. घरात कुत्रा असेल तर चोथा त्याच्या तोंडी लागू देऊ नये. त्यातील कॅफीन त्याला विषारी ठरते.

पाणी पुन्हा रेंगाळू लागलेच, आणि नळीत कोणतेही रसायन ओतलेले नसेल, तर रबरी पंप पुरेसा असतो. पंपाची वाटी बुडेल इतके पाणी सिंकमध्ये ठेवावे, वरच्या बाजूचे छिद्र ओल्या फडक्याने बंद करावे आणि दहा-बारा वेळा सरळ वर-खाली दाबावे. त्यानेही पाणी न उतरल्यास प्लंबरला बोलवावे. गुडघे दुखत असताना ओट्याखाली वाकून ट्रॅप उघडण्याचा खटाटोप ज्येष्ठांनी करू नये. ओल्या फरशीवर पाय घसरण्याचा धोका तुंबलेल्या सिंकपेक्षा मोठा आहे. कढत पाणीही ओतू नये. प्लॅस्टिकची नळी त्याने मऊ पडते, आणि थरथरत्या हातात उकळते पातेले नकोच.

मावशींचे मनगट आठ दिवसांत बरे झाले. ती पूड आम्ही पुन्हा घरात आणली नाही. अण्णांचे ताट रोज दुपारी टेबलावर येते, आणि वडी अखंड सुटली की ती दाखवायला ते मला आवर्जून हाक मारतात.