सुजलेल्या पायांची चप्पल

शिरवळला आमच्या शेजारी एक मावशी राहतात. त्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे. सकाळी चप्पल सहज पायात जाते आणि दुपारनंतर पट्टा रुतू लागतो. मुलाने दोन नंबर मोठी चप्पल आणून दिली. पण पायाची सूज लांबीत फारशी वाढत नाही, ती घेरात वाढते. नव्या चपलेचे टोक पायरीला अडू लागले आणि पट्टा होता तिथेच रुतत राहिला!

मग आम्ही शिंप्याची टेप घेऊन बसलो. घोट्याच्या पुढे पाऊल जेथे उंच असते, तिथला घेर सकाळी २४ सेंटिमीटर भरला, सायंकाळी साडेसव्वीस. हा अडीच सेंटिमीटरचा फरक पट्ट्याने सोसायचा. सायंकाळीच मावशींना कागदावर उभे करून, पेन्सिल सरळ धरून, पावलाची रेघ काढली. बसून काढली तर पाऊल अरुंद येते.

गावातल्या आमच्या चर्मकार बंधूंनी रेघेबाहेर अर्धा सेंटिमीटर सोडून तळ कापला, वर मऊ रबर, खाली न घसरणारे टणक रबर. अंगठ्याची वादी ठेवली नाही. सुजलेल्या बोटांत ती घासते, चिखल्या होतात आणि त्या भेगेतून जंतू शिरतात. हत्तीपायाच्या रोग्याला तर त्यातून थंडी-ताप येऊन सूज आणखी वाढते.

दोन्ही बाजूंचे पट्टे पावलावर एकमेकांवर येतात आणि वेल्क्रोने चिकटतात. वेल्क्रोची काटेरी बाजू वरच्या पट्ट्याच्या टोकाखाली, चारच सेंटिमीटर. मऊ बाजू खालच्या पट्ट्यावर आठ सेंटिमीटर. पट्टा कितीही सरकला तरी काटे उघडे पडत नाहीत. पहिल्या प्रयत्नात हे उलटे झाले होते आणि मावशींच्या लुगड्याचा काठ त्यात अडकला. असाच एक पट्टा बोटांच्या मुळाशी आणि एक टाचेमागे, म्हणजे चप्पल धरून ठेवायला बोटे आखडावी लागत नाहीत. काट्यांत धागे भरले की पकड जाते. जुन्या दातांच्या ब्रशने ते काढावेत.

औषधांच्या दुकानात ‘डायबेटिक’ म्हणून मिळणाऱ्या चपलेचा तळ मऊ असतो, पण पट्टा पुरतो की नाही हे सायंकाळी घालूनच पाहावे. पायाला क्रेपची पट्टी बांधत असाल तर ती बांधूनच माप द्यावे.

चप्पल काढल्यावर पट्ट्याचा खोल वळ दिसला तर पट्टा सैल करावा. रोज दुपारी वेल्क्रो उघडून पुन्हा लावण्याची सवय मावशींना आता लागली आहे. मात्र सूज एकाएकी वाढली, एकच पाय सुजून दुखू लागला, लाल व गरम झाला किंवा धाप लागली, तर पट्ट्याशी खेळत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.