तासाचा दर नेमका कशाचा?



निपाणीत सहाशे रुपयांत महिनाभर कन्नड शिकवतात, मग बेळगावात घरी येणाऱ्या बाई तासाला ३४० का मागतात, असा सवाल गेल्या अंकात एका पालकांनी केला आहे. त्यांची तुलनाच चुकते. निपाणीत शिकवणाऱ्या बाईंच्या घरी दहा मुलांनी भरणारी शिकवणी महिन्याला चोवीस तास चालत असेल, तर त्यांना तासाला २५० मिळतात. शिवाय जाणे-येणे शून्य.

आता वडगावहून हिंडलग्याला एकाच मुलासाठी जाणे धरा. जाण्यायेण्याची चाळीस मिनिटे, मराठी माध्यमाच्या मुलाला कन्नड व्याकरण समजेल अशी तयारी अर्धा तास, शिकवणे एक तास. एकूण १३० मिनिटे. वेळेचा भाव तासाला दीडशे धरला तर ३२५, वर पेट्रोलचे पंधरा.

शेजारची आणखी दोन मुले बसवलीत, तर वाढतात फक्त वह्या तपासण्याची वीस मिनिटे. एकूण ३९०, म्हणजे प्रत्येकी १३०. मात्र तिघे एकाच इयत्तेचे हवेत; नववी-दहावी एकत्र बसवली की तयारी दुप्पट होते.

इतरांचा दर जरूर विचारा, पण मुले किती आणि कोण कोणाकडे जातो, हेही विचारा.

— एक शिकवणी शिक्षिका, वडगाव, बेळगाव