बटण का पळाले?

माझ्या मामेभावाची बायको इंदूरला घरूनच साड्यांचा व्यवसाय करते. परवा वहिनींचा फोन आला. "भावजी, वेबसाइटवर इन्स्टाग्रामचे फोटो लावले आणि ऑर्डरचे फोन उलट कमी झाले हो!"

मी मोबाइलवर त्यांची साइट उघडली. 'ऑर्डर द्या' या बटणावर बोट टेकवणार, तोच वरच्या बाजूला फोटो अवतरले, बटण खाली सरकले आणि मी थेट इन्स्टाग्रामवर जाऊन पोहोचलो! गिऱ्हाइकांचेही हेच होत असणार.

वहिनींनी इन्स्टाग्रामच्या 12 पोस्ट जशाच्या तशा पानावर बसवल्या होत्या. अशी प्रत्येक पोस्ट म्हणजे पानाच्या आत उघडणारे आणखी एक छोटे पानच असते. 12 पोस्ट म्हणजे 12 पाने. मग मोबाइल रेंगाळणारच. शिवाय त्यांची उंची ब्राउझरला आधी ठाऊक नसते. त्या आल्या की खालचा मजकूर ढकलला जातो.

आम्ही त्या सगळ्या काढल्या. फक्त चार साड्यांचे फोटो निवडले, ते 400 पिक्सेलचे चौकोनी करून वेबपी प्रकारात साठवले आणि वहिनींच्याच साइटवर ठेवले. प्रत्येक फोटो दाबला की इन्स्टाग्रामवरची मूळ पोस्ट उघडते.

```html
<a href="पोस्टचा पत्ता">
<img src="saree1.webp" width="400" height="400"
 loading="lazy" alt="जांभळी पैठणी"></a>
```

यातली रुंदी आणि उंची फोटोसाठी जागा आधीच राखून ठेवतात. `lazy` मुळे वाचक खाली सरकत जवळ येईपर्यंत फोटो मागवलाच जात नाही. म्हणून हे चार फोटो ऑर्डरच्या बटणाखाली, एका ओळीत दोन असे मांडले.

एक चूक मात्र टाळा. इन्स्टाग्रामवरच्या फोटोचा पत्ता उचलून `src` मध्ये घालू नका. तो पत्ता काही दिवसांनी निकामी होतो आणि फोटोच्या जागी रिकामी चौकट उरते.

फोटो आपोआप बदलायला हवे असतील, तर खाते व्यावसायिक किंवा क्रिएटर प्रकारचे लागते. वैयक्तिक खात्यांसाठीची सोय डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली. तेव्हाही नवे फोटो दर काही तासांनी आपल्या सर्व्हरवर उतरवून ठेवावेत, दर गिऱ्हाइकासाठी नव्याने मागवू नयेत. आठवड्याला दोन-तीन साड्या येणाऱ्या वहिनींना सोमवारी हाताने फोटो बदलणेच सोयीचे वाटले.

फरक पडला का, हे `pagespeed.web.dev` वर फुकट तपासता येते. मोबाइलच्या निकालात `CLS` हा आकडा पाहा. तो 0.1 किंवा त्याहून कमी असला, की पान जागच्या जागी राहते असे समजावे.

वहिनींचे बटण आता हलत नाही.