साठ रुपयांचा डबा

नव्याने डबे सुरू करणाऱ्यांचा दर बहुतेकदा शेजारच्या खानावळीकडे बघून ठरतो. तिथे 70, म्हणून आपण 60. आम्हाला ही पद्धत घातक वाटते.

समजा, 10 डबे आहेत. प्रत्येकात 4 पोळ्या, भाजी, वरण-भात, कोशिंबीर. 40 पोळ्यांना किलोहून थोडी जास्त कणीक, सव्वा किलो भाजी, 300 ग्रॅम तूरडाळ, अर्धा किलो तांदूळ, तेल, मसाला आणि काकडी धरून किराणा-भाजीला 270 रुपये, म्हणजे डब्यामागे 27. गॅसचे 4 रुपये, तेही व्यावसायिक सिलिंडरच्या भावाने, कारण घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. पोचवणाऱ्याला रोजचे 150 दिले तर डब्यामागे 15. साबण, हरवलेली झाकणे, वाया जाणारे अन्न यांचे 4. हे झाले 50. त्यात तुमचे 3 तास कुठेच नाहीत. तासाला 100 रुपये धरले तर आणखी 30, म्हणजे 80. साठला डबा देणारी बाई 3 तासांच्या राबण्याचे 100 रुपये घेते, आणि टोमॅटो महागला की तेही जातात. भाववाढ आणि बुडालेल्या पैशांसाठी 10 रुपये ठेवून 90 हाच दर पहिल्या दिवसापासून सांगावा. पुढे 60 चे 90 करताना गिऱ्हाइके गळतात.

पोचवण्याचे 15 रुपये मात्र कमी करता येतात. पहिली गिऱ्हाइके गावभर शोधू नका. एकच इस्पितळ, एकच बँक किंवा एकच सोसायटी धरा. तिथल्या एकाला 3 दिवस पूर्ण दराने डबा द्या. त्याचे सहकारी दुपारी तो उघडलेला बघतातच. फुकट चव दिली की पुढे पैसे मागणे जड जाते. आठवड्याचे पैसे आगाऊ घ्या, आणि उद्या डबा नको असल्यास आदल्या रात्री 9 पर्यंत कळवायला सांगा.

नोंदणी अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे सुरुवातीलाच करावी. स्वच्छतेत आम्हाला खरी भीती वाटते ती भाताची. भाजी आंबली तर वासावरून कळते, भाताचे तसे नाही. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही, आणि भाताला वासही येत नाही. म्हणून रात्रीचा भात डब्यात कधीच घालू नये. भात सगळ्यात शेवटी लावावा, 60 अंशांहून गरम असतानाच भरावा आणि डबे उष्णता धरणाऱ्या पिशवीत ठेवावेत. स्वयंपाकघरातला तापमापक यासाठी पुरतो. 11 ला उतरलेला भात 1 च्या आत खाल्ला जाईल, इतक्याच अंतरावरची गिऱ्हाइके घ्यावीत.