दोन जावा, एक पॉलिसी

भगवा चौकाजवळच्या एका घरातल्या दोन जावा मध्यंतरी माझ्याकडे फाईल घेऊन आल्या. दोघींचे नवरे शिरोली एमआयडीसीतल्या एकाच फाऊंड्रीत कामाला आहेत, त्यामुळे पॉलिसी एकच. कुटुंबाला तीन लाखांचं ग्रुप मेडिक्लेम, त्यात बाळंतपणासाठी वेगळी मर्यादा: नॉर्मलला 35 हजार, सिझरला 50 हजार. धाकटीनं बसायच्या आधीच विचारलं, "दादा, दोघींचं पोटाचंच ऑपरेशन. वैनींचं बिल जवळजवळ सगळं मिळालं. मी तर मरता मरता वाचले, मग माझ्याच वेळी कंपनीचा हात आखडला का?"

आधी थोरलीचा कागद पाहिला. दिवस राहिल्यावर सातव्या आठवड्यात पोटात कळ आली, चक्कर आली. सोनोग्राफीत गर्भ पिशवीत नसून नळीत असल्याचं दिसलं आणि नळी फुटून पोटात रक्त साचलं होतं. त्याच रात्री ऑपरेशन झालं. बिल 84 हजार, मिळाले 81 हजार 500. उरलेले अडीच हजार हातमोजे, गाऊन वगैरे 'न देय' वस्तूंत गेले. बाळंतपणाच्या मर्यादेचा विषयच निघाला नाही.

धाकटीची फाईल जाड होती. 33व्या आठवड्यात पायांना सूज आली, बीपी 150/100 झालं, लघवीतून प्रथिनं जाऊ लागली. तीन दिवस ॲडमिट ठेवून बीपीच्या गोळ्या, रक्त-लघवीच्या तपासण्या आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली. त्याचं बिल 28 हजार. तीन आठवड्यांनी डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांसमोर अंधारी आली, बीपी 170/110. झटके येण्याआधी बाळ बाहेर काढायला हवं म्हणून तातडीनं सिझर केलं. त्यानंतर गर्भपिशवी आकसेना, रक्तस्राव थांबेना. रक्ताच्या तीन पिशव्या लागल्या, एक रात्र आयसीयूत गेली. या दुसऱ्या ॲडमिशनचं बिल 1 लाख 34 हजार.

आता हिशेब. पहिल्या वेळचे 28 हजार कंपनीनं दिले खरे, पण 50 हजारांतूनच. म्हणजे दुसऱ्या वेळी मर्यादेत शिल्लक होते फक्त 22 हजार. तेवढेच मिळाले आणि 1 लाख 12 हजार घरातून गेले. तोवर तीन लाखांच्या मुख्य रकमेला कुणी हात लावला नव्हता.

कंपनी इथं खोटं वागली नाही, हे मला धाकटीला सांगावं लागलं. सांगताना बरं वाटलं नाही. आरोग्य विम्यातल्या वगळणुकींची भाषा विमा नियामकानं 2019 साली सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातलं अठरावं कलम प्रसूतीचं. प्रसूतीशी संबंधित उपचारांचा खर्च वगळलेला आहे आणि गुंतागुंतीची प्रसूती व सिझेरियन त्यातच धरल्याचं तिथं शब्दांत लिहिलं आहे. अपवाद एकच, नळीतल्या गर्भाचा. गर्भपातही वगळलेला आहे, अपघातानं झाला असेल तर गोष्ट वेगळी. ग्रुप पॉलिसीत जादा हप्ता भरून हे वगळणं काढून घेतात, पण त्या जागी मर्यादा येते, आणि बाळंतपणाशी धागा जुळणारं सगळं त्या मर्यादेत जाऊन पडतं. आठव्या महिन्यातलं बीपीही त्यातच. थोरली नळीतल्या गर्भाच्या अपवादात बसली. नळीतल्या गर्भातून मूल जन्मूच शकत नाही, म्हणून तो आजार ठरतो.

बाळंतपणावर मर्यादा का, याला विमा कंपन्यांकडे कारण आहे आणि ते मला पटतं. नॉर्मल बाळंतपण हा ठरवून येणारा खर्च आहे. मर्यादा नसेल आणि वाट पाहण्याची मुदतही नसेल, तर लोक दिवस राहिल्यावर पॉलिसी घेतील आणि बाळ झाल्यावर सोडतील. वैयक्तिक पॉलिसीत म्हणूनच या फायद्यासाठी बहुधा दोन ते चार वर्षं थांबावं लागतं. सिझरची मर्यादा थोडी जास्त ठेवण्यातही हिशेब आहे, जरी त्यामुळं 'मर्यादा आहेच, तर होऊ दे सिझर' असं बोलणारे घरचे मी पाहिले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21च्या फेरीत देशातल्या खाजगी रुग्णालयांत जवळपास निम्मी बाळंतपणं सिझरनं झाली, सरकारीत सातातलं एक. कंपन्या हात राखून असतात त्याला ही पार्श्वभूमी आहेच.

पण बाळंतपणानंतर रक्त न थांबणं कोण ठरवून आणतं? बीपी 170 कोण मागून घेतं? अचानक येणारा, कुणाला येईल ते न कळणारा, आला की घर बुडवणारा खर्च, यासाठीच तर विमा काढायचा. माझं म्हणणं एवढंच आहे की मर्यादा प्रसूतीवर असावी, गुंतागुंतीवर नसावी. धाकटीला सिझरचे 50 हजार द्या, आणि बीपीचं ॲडमिशन, रक्त, आयसीयू मुख्य रकमेतून द्या. ग्रुप पॉलिसीत असं कलम घालून घेता येतं, जादा हप्ता मोजून. मालक आणि एजंट ते बहुधा मागत नाहीत, कारण नूतनीकरणाच्या टेबलावर बायका नसतात.

कामगार विमा योजनेत ही भानगड नाही. ईएसआयच्या दवाखान्यात नॉर्मल आणि सिझरला वेगळ्या रकमा नाहीत. बाई स्वतः विमाधारक असेल तर 26 आठवड्यांच्या रजेच्या पगाराशिवाय गरोदरपणातून किंवा बाळंतपणातून आलेल्या आजारासाठी आणखी एक महिना मिळतो. कायद्यानं त्या आजाराला बाळंतपणापासून वेगळं ओळखलं आहे. इथल्या सेवा रुग्णालयात किंवा सीपीआरमध्ये जाणाऱ्यांना जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. 2011पासून सरकारी रुग्णालयात सिझरसुद्धा मोफत, रक्त, औषधं, जेवण, घरी सोडण्याची गाडी यांसह.

आता कागदांचं. धाकटीच्या फाईलमध्ये एक रक्कम वाचवता आली. बाळ चार दिवस काचेत होतं, बिल 46 हजार, आणि रुग्णालयानं ते आईच्याच बिलात घातलं होतं. टीपीएनं ते 'मर्यादा संपली' म्हणून कापलं. या पॉलिसीत बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, फक्त जन्म झाल्यावर नाव कळवावं लागतं. फाऊंड्रीच्या ऑफिसनं ते वेळेत कळवलं होतं. रुग्णालयाकडून बाळाचं बिल आणि डिस्चार्ज कार्ड वेगळं करून घेतलं, क्लेम बाळाच्या नावानं पुन्हा टाकला आणि पैसे आले.

दुसरी गोष्ट, गरोदर बाईचा प्रत्येक आजार बाळंतपणाचा नसतो. पाचव्या महिन्यात डेंग्यू झालेल्या एका बाईच्या कार्डावर डॉक्टरांनी पहिल्या ओळीत 'वीस आठवड्यांची गरोदर' लिहिलं आणि डेंग्यू खाली लिहिला. क्लेम प्रसूतीत टाकला गेला. ॲडमिशन डेंग्यूसाठीच होतं, गरोदरपणाशी त्याचा संबंध नव्हता, असं डॉक्टरांचं पत्र आणि प्लेटलेटचे रिपोर्ट जोडल्यावर तो मुख्य रकमेतून निघाला. अपेंडिक्सचंही तसंच. गरोदरपणातल्या मधुमेहाचं किंवा उलट्यांचं मात्र तसं पत्र मागू नका. डॉक्टर देणार नाहीत, आणि देऊही नये.

धाकटीनं विचारलं, पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाऊ का? तिथं फी लागत नाही, ग्रुप पॉलिसीच्या तक्रारीही चालतात. पण लोकपाल पॉलिसीत लिहिलेलं वाचतो, नवं लिहीत नाही. तिच्या पॉलिसीत 'गुंतागुंतीसह' हा शब्द मर्यादेच्याच ओळीत होता. मी तो बोटानं दाखवला. तिनं मोबाईलवर त्या ओळीचा फोटो काढला आणि नवऱ्याला पाठवला, खाली लिहून: "साहेबांना दाखवा, एप्रिलच्या आधी."